टोपलीचा फोटो कसा कातरावा

बायांनो, आज आपण बांबूच्या टोपलीचा फोटो फोनवर कातरायला शिकू. कातरायचे म्हणजे टोपली तेवढी ठेवायची आणि तिच्यामागचे सारे काढून टाकायचे. गिऱ्हाईक लांब असते. त्याला टोपली हातात घेता येत नाही. फोटोत काठ कुरतडलेला दिसला, की टोपलीच फुटकी आहे असे त्याला वाटते.

पहिली पायरी : जागा
बांबू फिकट पिवळा. मागची भिंतही तशीच असली, तर टोपली कुठे संपली ते फोनला कळत नाही. तो काठच कापतो. म्हणून मागे आणि खाली गडद निळे, बिननक्षीचे कापड पसरा. टोपली ओसरीच्या सावलीत ठेवा. उन्हात काळी सावली पडते आणि फोन तीही टोपलीबरोबर ठेवतो.

दुसरी पायरी : फोटो
फोनची काच पदराने पुसा. धरायची मूठ पुरी दिसू द्या. टोपलीच्या चारी बाजूंना थोडी मोकळी जागा राखा.

तिसरी पायरी : कातरणे
मागचे काढणारे अ‍ॅप उघडा. फोटो निवडा. `Remove background` हे बटण दाबा. मागचे कापड जाईल. तिथे करड्या-पांढऱ्या चौकटी दिसतील. चौकटी म्हणजे ती जागा मोकळी झाली.

चौथी पायरी : तपासणी
इथे घाई करू नका. दोन बोटे फाकवून चित्र मोठे करा. आधी मुठीखाली बघा. तिथे निळे कापड हमखास राहते. `Erase` दाबा, बारीक टोक निवडा आणि ते बोटाने खोडा. मग काठावरून नजर फिरवा. काठ कापला गेला असेल, तर `Restore` दाबून तिथे बोट फिरवा. गेलेला भाग परत येईल. काही फोनांत या नावांऐवजी खोडरबर आणि ब्रशाचे चित्र असते.

विरळ विणीच्या टोपलीची शंभर छिद्रे बोटाने खोडता येत नाहीत. तिचा फोटो कातरू नये. साध्या कापडावरचाच ठेवावा.

पाचवी पायरी : साठवणे
फोटो `PNG` म्हणून साठवा. `JPG` केला, तर मोकळी जागा पांढऱ्या किंवा काळ्या रंगाने भरते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून धाडला, तरी असेच होते. म्हणून `Document` निवडून धाडा. मूळ फोटो पुसू नका. कातरणे बिघडले, तर तोच कामी येतो.

आता हे करा
आपल्या घरच्या एका टोपलीचा फोटो कातरा. मग शेजारणीला दाखवा आणि विचारा :
१. मुठीखाली निळे दिसते का?
२. काठ कुठे तुटला आहे का?
३. टोपलीभोवती निळी रेघ राहिली आहे का?
तिन्हींना ती "नाही" म्हणाली, की फोटो गिऱ्हाइकाला धाडायला हरकत नाही. एकालाही "हो" म्हणाली, तर पुन्हा चौथ्या पायरीवर या.