एकदाच ऐकून लिहिता येईल असा नंबर

आंबिवलीहून आम्ही बचत गटातल्या बायका बोलतोय.

रेडिओवर सूचना वाचायचं काम आपल्यातल्या बऱ्याच जणींकडे येतं. सूचनेतली तारीख, फोन नंबर आणि वेबसाइटचा पत्ता कसा लिहून न्यायचा, यावर आज बोलू. छापलेला कागद पुन्हा बघता येतो, रेडिओवरचा आकडा मात्र एकदा गेला की गेला. आमच्या स्टेशनवर लोकलची घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीनदा होते, तरी बाई शेजारणीला विचारतेच, "कुठली म्हणाली गं?" आपली सूचना ऐकणारीचे तर हात पिठात असतात.

एकच उदाहरण घेऊ, सगळ्यांच्या ओळखीचं. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी 2025 च्या सप्टेंबरात सुरू झाली. आधी मुदत 18 नोव्हेंबरची होती, मग ती 31 डिसेंबर झाली. कागदावर अशी सूचना साधारण या धर्तीची असते: "लाभार्थींनी दि. 31/12/2025 पर्यंत संकेतस्थळावर ई-केवायसी करावी. संपर्क 181." डोळ्यांना हे पुरतं. कानाला पुरत नाही.

आधी तारीख. 31/12 हे कोणी "एकतीस बारा" असं वाचतं. 10/12 असेल तर "दहा बारा" म्हणतात, आणि आपल्या बोलीत दहा-बारा म्हणजे अंदाजे दहा किंवा बारा. म्हणून महिन्याचं नाव घ्यायचं आणि सोबत वार सांगायचा: "एकतीस डिसेंबर, बुधवार, वर्षाचा शेवटचा दिवस." एक खूण निसटली तर दुसरी हाती राहते. "पर्यंत" म्हटलं की तो दिवस धरायचा की सोडायचा, असा प्रश्न पडतो, म्हणून "बुधवार धरून" असं लिहावं. "परवा" हा शब्द तर सूचनेत नकोच. आपल्या मराठीत गेलेला परवा असतो आणि येणाराही असतो. "उद्या"सुद्धा नको, कारण तोच कार्यक्रम दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला की तो उद्या खोटा ठरतो.

मुदत वाढली असेल तर फक्त नवी तारीख सांगावी. "अठरा नोव्हेंबरऐवजी आता एकतीस डिसेंबर" असं वाचलं की अर्ध्या जणींच्या लक्षात अठराच राहते, कारण ती आधी ऐकलेली असते. जुनी तारीख माहीत असलेल्यांसाठी "मुदत वाढली आहे" एवढं पुरे.

आता नंबर, आणि इथे आपली मराठी जरा अडवते. त्र्याहत्तर म्हणताना तीन आधी येतो आणि सात नंतर, पण लिहिताना सात आधी. ऐकणारीला हात थांबवून शब्द उलटावा लागतो, तोवर पुढचे दोन आकडे निघून गेलेले असतात. एकोणसाठ ऐकून "एक" लिहायला हात जातो, तिथे असतो पाच. पोरांनाही हे जड जातं. म्हणूनच 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचायची रीत आली होती. त्यावर केवढा वाद झाला, पार विधानसभेपर्यंत! शाळेत काय शिकवावं ते शाळेने ठरवावं. रेडिओवर मात्र फोन नंबर सुटा सुटाच वाचावा. 181 म्हणजे "एकशे एक्क्याऐंशी" नको. "एक, आठ, एक" म्हणा.

दहा आकड्यांचा मोबाईल नंबर तीन, तीन, चार असा तोडावा. समजा नंबर आहे 5287760134. हा मुद्दाम खोटा घेतला आहे, आपल्याकडचे मोबाईल नंबर पाचने सुरू होत नाहीत. तो असा लिहायचा: "पाच दोन आठ... सात सात सहा... शून्य एक तीन चार." तीन टिंबं म्हणजे थांबा, ऐकणारीच्या हाताने तीन आकडे लिहून होईपर्यंत. "डबल सात" म्हणू नये. डबल ऐकून काही जणी दोनचा आकडा लिहितात. आणि दुसऱ्यांदा वाचताना अगदी तसंच वाचायचं, तिथेच तोडून. पहिल्यांदा "सात सात" आणि मग "सत्त्याहत्तर" म्हटलं तर ऐकणारीला वाटतं, हे दोन वेगळे नंबर आहेत.

सहा आणि दहा, सात आणि साठ कानाला जवळचे लागतात. आकडे सुटे वाचले की दहा आणि साठ येतच नाहीत, हा आणखी एक फायदा. कल्याण-डोंबिवलीचा लँडलाइन असेल तर "शून्य दोन पाच एक" हा कोड वेगळा सांगून थांबावं, मग पुढचे सात आकडे.

नंबर कशाचा आहे ते आधी सांगावं, नंतर नाही. त्याआधी "पेन घ्या, नंबर सांगते" म्हणावं आणि लगेच नंबर न देता एखादं वाक्य दुसरं बोलावं. तेवढ्यात ती हात पुसून पोराच्या दप्तरातून पेन काढते.

सगळ्यात अवघड असतो वेबसाइटचा पत्ता. या योजनेचा पत्ता `ladakibahin.maharashtra.gov.in` असा आहे. आपण "लाडकी बहीण डॉट..." असं वाचलं तर ऐकणारी आपल्या मनाने स्पेलिंग करते, आणि बहुतेक जणी डी नंतर थेट के घालतात. इथे डी आणि के यांच्यामध्ये ए आहे. अशा चुकीच्या पत्त्यामुळे खोट्या साइटवर गेलं आणि आधार नंबर, ओटीपी भरला, तर पैसे धोक्यात. म्हणून सगळी अक्षरं वाचत बसायचं नाही, जिथे चूक होते तेवढीच जागा दाखवायची, आणि शेवट नीट सांगायचा. तो "जी ओ व्ही डॉट आय एन" असतो, आणि असा शेवट फक्त सरकारी साइटला मिळतो. "जी ओ व्ही" मध्येच कुठेतरी असून शेवट वेगळा असेल तर साइट सरकारी नाही. बी, डी, जी, पी, टी ही अक्षरं कानाला सारखी, म्हणून "डी, डोंबिवलीचा डी" असं म्हणावं.

आता आपल्या कागदावर सूचना अशी होते:

"लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत वाढली आहे. पेन घ्या, नंबर सांगते. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येईल, तो कोणालाही सांगू नका. शेवटची तारीख एकतीस डिसेंबर, बुधवार, बुधवार धरून. वेबसाइट लाडकी बहीण, सगळं जोडून. स्पेलिंगमध्ये डी आणि के यांच्यामध्ये ए आहे. पुढे डॉट महाराष्ट्र, डॉट जी ओ व्ही, डॉट आय एन. अडलं तर महिला हेल्पलाइनचा नंबर: एक... आठ... एक. पुन्हा सांगते: एक... आठ... एक."

यात आकडे अक्षरांत आहेत, कारण 181 असं लिहिलं की प्रत्येक वाचणारी ते आपापल्या परीने वाचते. आणि एका सूचनेत नंबर एकच. सायबर फसवणुकीचा 1930 हाही कामाचा आहे, पण त्याला वेगळा दिवस द्यावा. दोन नंबर एका दमात ऐकले की एकाचं डोकं दुसऱ्याला लागतं.

कागद स्टुडिओत नेण्याआधी आम्ही तो गटात एकदाच वाचतो, खाली मान घालून, आणि ज्यांनी तो पाहिलेला नाही अशा बायकांना लिहायला सांगतो. वह्या जुळल्या नाहीत तर वाचणारीला दोष देत नाही, कागद बदलतो. सगळ्या वह्यांत चूक एकाच जागी असेल तर शब्द बदलायचा असतो. वेगवेगळ्या जागी असेल तर वाचण्याचा वेग जास्त झालेला असतो.

आणि कागदाच्या डोक्यावर लाल पेनाने लिहावं: "31 डिसेंबरनंतर लावू नये."