आईनं उट्रेख्टला गाडी बदलली

मागच्या महिन्यात आई विसरवाडीहून माझ्याकडे नेदरलँड्सला आली. तिला लायडनहून आइंडहोवनला एकटीनं जायचं होतं, उट्रेख्टला गाडी बदलून. नवापूर स्टेशनवर ती घोषणा ऐकून गाडी पकडते. इथली डच घोषणा कशी कळणार? म्हणून तिला एनएस रेल्वेच्या ॲपचा स्क्रीन वाचायला शिकवलं.

Spoor 18a म्हणजे प्लॅटफॉर्म १८, त्याची a बाजू. एकाच प्लॅटफॉर्मच्या a आणि b बाजूला दोन वेगळ्या गाड्या उभ्या असू शकतात, म्हणून अक्षरही बघायचं. आकडा लाल दिसला की समजायचं, प्लॅटफॉर्म बदललाय.

Overstap म्हणजे गाडी बदलणं. समजा पहिली गाडी १०:१२ ला पोहोचते, दुसरी १०:२० ला सुटते. हातात ८ मिनिटं. पहिलीपुढे लाल +6 आलं, की उरली दोनच. उट्रेख्टला जिना चढून हॉलमधून पलीकडे उतरावं लागतं, दोन मिनिटांत होत नाही. पण दुसरीपुढेही +5 असेल, तर सात मिनिटं मिळतात. म्हणून दोन्ही गाड्यांचे उशीर बघायचे, आणि उतरताना परत एकदा, कारण दुसरीचा उशीर कमीही होतो.

गाडी चुकलीच, तर साध्या तिकिटावर पुढची चालते. Rijdt niet दिसलं, तर ती गाडी रद्द.

त्या दिवशी उट्रेख्टहून आईचा फोन आला, "अरे, अठराचं पंधरा झालंय लाल अक्षरात. मी पंधरावरच उभी आहे."