'बुधवारी दुपारी बंद' म्हणजे नक्की कधी? जर्मन दुकानाच्या पाटीचं मराठी करताना

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय अगदी छोटा आहे. दुकानाच्या दारावरची वेळांची पाटी. त्यात जेमतेम तीसेक शब्द असतात, व्याकरण जवळजवळ नसतंच. तरीही जर्मनीत शिकायला गेलेली आपली मुलं व्हॉट्सअॅपवर सगळ्यात जास्त फोटो पाठवतात ते याच पाटीचे, आणि भाषांतर करणारा सगळ्यात सहज फसतो तोही इथंच. शब्द कळतात, पण दुकान उघडं कधी ते कळत नाही.

उदाहरणासाठी एक नमुना पाटी घेऊ. जागा समजा स्टुटगार्टजवळचं एक छोटं गाव, म्हणजे बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य. दुकान वह्या, पेनं, वर्तमानपत्रं विकणारं. अशी दुकानं तिकडे पार्सलंही ठेवून घेतात. आपण घरी नसलो तर पार्सलवाला दारात एक चिठ्ठी टाकून जातो : तुमचं पार्सल अमुक दुकानात आहे, अमुक तारखेपर्यंत न्या, नाहीतर पाठवणाऱ्याकडे परत जाईल. आपल्या विद्यार्थिनीच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख आहे ७ जानेवारी २०२६. पार्सलमध्ये पुण्याहून आलेली मूळ प्रमाणपत्रं आहेत. ती परत गेली तर पुन्हा मागवण्यात महिना जाणार. आणि दुकानाच्या दारावर नाताळच्या सुट्टीचा कागद लागलाय.

आधी छापील पाटी बघू. वरची ओळ : एम-ओ, डी-आय, डी-ओ, एफ-आर, पुढे ८.३० ते १२.३० आणि १४.३० ते १८.३०. खालची ओळ : एम-आय, मग यू आणि टिंब, मग एस-ए, पुढे ८.३० ते १३.००. बस.

ही दोन-दोन अक्षरं म्हणजे वारांची नावं. एम-ओ मोनटाग, सोमवार. डी-आय डीन्सटाग, मंगळवार. एम-आय मिटवोख, बुधवार. डी-ओ डोनर्सटाग, गुरुवार. एफ-आर शुक्रवार, एस-ए शनिवार आणि एस-ओ रविवार. घोळ होतो तो सोमवार-बुधवारचा आणि मंगळवार-गुरुवारचा, कारण पहिलं अक्षर सारखंच. फोटो जरा हलला की 'आय'चा 'ओ' दिसतो.

त्याहून महत्त्वाची आहेत अक्षरांमधली चिन्हं. दोन वारांमध्ये आडवी रेघ असेल तर 'पासून-पर्यंत'. स्वल्पविराम असेल तर तेवढेच वार, मधले नाहीत. 'यू' आणि टिंब म्हणजे 'उंड', आपलं 'आणि'. म्हणजे एम-ओ रेघ डी-ओ असेल तर सोमवार ते गुरुवार, चार दिवस. एम-ओ स्वल्पविराम डी-ओ असेल तर फक्त सोमवार आणि गुरुवार, दोनच दिवस. काचेवर उजेड पडलाय, फोटो लांबून काढलाय, अशा वेळी रेघ की स्वल्पविराम हे डोळ्यांनी ठरवू नका. कागदावर सात वार एकाखाली एक लिहा आणि पाटीवरची प्रत्येक ओळ त्यात भरा. प्रत्येक वार एकदाच भरला गेला पाहिजे. एखादा वार दोनदा आला, किंवा आठवड्याच्या मधलाच एखादा वार रिकामा राहिला, तर आपण चिन्ह चुकीचं वाचलं असण्याची शक्यता मोठी. आपल्या पाटीवर सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार वरच्या ओळीत भरतात, बुधवार आणि शनिवार खालच्या. राहिला रविवार. तो राहणं साहजिकच आहे, कारण जर्मनीत बहुतेक दुकानं रविवारी कायद्यानंच बंद असतात.

आता बुधवार. तिथल्या छोट्या गावांत बुधवारी अर्धा दिवस दुकान ठेवायची जुनी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. कधी ती आपल्या पाटीसारखी नुसत्या वेळेनं सांगतात, कधी शब्दांत लिहितात : मिटवोख नाखमिटाग गेश्लोसन. शब्दाला शब्द ठेवला तर 'बुधवारी दुपारी बंद'. मराठी एकदम शुद्ध. आणि पुण्याच्या माणसाला ते वाचून काय वाटतं? एक ते चार बंद, मग उघडणार. आपल्याकडे 'दुपारी बंद'चा अर्थच तो आहे. मालक जेवून, वामकुक्षी घेऊन परत येतो. जर्मन मालक बुधवारी परत येत नाही. त्यांचा 'नाखमिटाग' दुपारपासून थेट संध्याकाळपर्यंत जातो आणि त्यानंतर दुकान तसंही बंदच. म्हणून मराठीत लिहायचं : 'बुधवारी दुपारी १ वाजता बंद, त्या दिवशी पुन्हा उघडत नाही.' शब्द चार जास्त झाले तरी चालतील.

उलट, सोमवारच्या ओळीत जी १२.३० ते १४.३०ची फट आहे, ती मात्र आपली ओळखीची दुपारची सुट्टी. तिथं 'पुन्हा' हा शब्द घालायचा : साडेबारापर्यंत, आणि पुन्हा अडीचपासून.

असाच चकवणारा आणखी एक शब्द आहे 'वेर्कटाग्स'. आपल्या पाटीवर तो नाही, पण इतरत्र भरपूर दिसतो. 'कामाच्या दिवशी' असं भाषांतर केलं की आपण समजतो सोमवार ते शुक्रवार. जर्मन वापरात मात्र वेर्कटाग म्हणजे रविवार आणि सरकारी सुट्टी सोडून सगळे दिवस, शनिवारसकट. तिथल्या रजेच्या कायद्यातही शब्दाचा अर्थ हाच आहे. म्हणून मराठीत वारच लिहून टाका : सोमवार ते शनिवार, सणाची सुट्टी सोडून.

आता काचेवर चिकटवलेला हाताने लिहिलेला कागद. त्यात तीन वाक्यं आहेत. पहिलं : '२४.१२. ते बिस आइनश्लीसलिश ६.१. दुकान बंद.' दुसरं : '२९. आणि ३०.१२. रोजी ९ ते १२ उघडं.' तिसरं : 'आब ७.१. नेहमीच्या वेळेनुसार पुन्हा सेवेत.' तारखांचा क्रम आपल्यासारखाच, आधी दिवस मग महिना. २९ च्या पुढे नुसतं टिंब आहे, महिना नाही, कारण तो पुढच्या ३०.१२. मधून घ्यायचा.

'बिस' म्हणजे 'पर्यंत', आणि 'पर्यंत'चं दुखणं दोन्ही भाषांत एकच. ६ तारखेपर्यंत बंद, म्हणजे ६ ला उघडं की बंद? जर्मन माणूस शंका नको म्हणून 'आइनश्लीसलिश' जोडतो. त्यासाठी मराठीत 'समाविष्ट' वगैरे जड शब्द शोधायची गरज नाही. आपल्याकडे 'धरून' आहे. '६ जानेवारी धरून बंद.' संपलं. कागदावर नुसतं 'बिस' असेल तर 'आब'चं वाक्य बघा. 'आब' म्हणजे 'पासून', आणि त्यात सांगितलेला दिवस उघडाच असतो. दोन्ही वाक्यं एकमेकांना चिकटली पाहिजेत : ६ पर्यंत बंद, ७ पासून सुरू. मध्ये फट पडली किंवा एकच तारीख दोन्हीकडे आली, तर काहीतरी चुकीचं वाचलंय.

दुसरं वाक्य सगळ्यात घातक. तो सुट्टीतला अपवाद आहे, आणि बहुतेक वेळा तळाशी वेगळ्या पेनानं लिहिलेला असतो. फोटोत तो अर्धा कापला जातो. म्हणून फोटो मागवताना कागदाच्या चारही कडा दिसू देत, एवढं सांगाच. आणि हे वाक्य मराठीत सुट्टीच्या वाक्यातच कोंबू नका. '२४ ते ६ बंद, २९ व ३० ९ ते १२' असं लिहिलं तर वाचणारा आकड्यांत हरवतो. वेगळी ओळ करा.

शेवटची पायरी म्हणजे प्रत्येक तारखेपुढे वार लिहिणं. कॅलेंडर काढलं तर २४ डिसेंबर २०२५ बुधवार, २९ सोमवार, ३० मंगळवार. ६ जानेवारी मंगळवार. ही ६ तारीख बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये सरकारी सुट्टी असते, तीन राजांचा सण. बायर्न आणि झाक्सन-अनहाल्टमध्येही. बाकीच्या राज्यांत नाही. म्हणून कोलोनच्या मित्रानं 'सहा तारखेला तर सगळं उघडं असतं' सांगितलं, तर तो त्याच्या गावापुरता बरोबर आहे.

आणि ७ जानेवारी? बुधवार. कागद म्हणतो 'नेहमीच्या वेळेनुसार'. बुधवारची नेहमीची वेळ दुपारी एकपर्यंत. आपली विद्यार्थिनी कॉलेज संपवून तीनला गेली तर दार बंद आणि चिठ्ठीची मुदत संपलेली. हे पाटीवर एका जागी कुठंच लिहिलेलं नाही. छापील पाटी, हाताचा कागद आणि कॅलेंडर, तिन्ही एकत्र ठेवल्यावरच ते दिसतं.

तर तिला पाठवायचा मजकूर असा :

नेहमीची वेळ
सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार : सकाळी ८.३० ते दुपारी १२.३०, आणि पुन्हा दुपारी २.३० ते संध्याकाळी ६.३०.
बुधवार, शनिवार : सकाळी ८.३० ते दुपारी १. त्या दिवशी पुन्हा उघडत नाही.

सुट्टी
बुधवार २४ डिसेंबर २०२५ ते मंगळवार ६ जानेवारी २०२६, दोन्ही दिवस धरून, बंद.
यात अपवाद : सोमवार २९ आणि मंगळवार ३० डिसेंबर, सकाळी ९ ते दुपारी १२ उघडं.
पुन्हा सुरू : बुधवार ७ जानेवारी, सकाळी ८.३० पासून.

आणि खाली, वेगळं : 'माझी टीप. रविवारचा उल्लेख पाटीवर नाही, बंद समज. ७ तारखेला बुधवार आहे, त्यामुळे दुपारी एकच्या आत जा. शक्यतो २९ किंवा ३० ला सकाळीच जाऊन ये.'

टीप वेगळी ठेवायचं कारण असं, की पाटी काय म्हणते आणि आपण त्यावरून काय काढलं, हे वाचणाऱ्याला वेगवेगळं दिसायला हवं. उद्या तिला दुकानात जाऊन काही विचारायची वेळ आली, तर कुठलं वाक्य मालकाचं आणि कुठलं आपलं, हे तिला माहीत असेल.

एक गोष्ट मात्र भाषांतरानं सुटत नाही. काही दुकानं तारखाच देत नाहीत, नुसतं लिहितात 'त्स्विशन डेन यारन' बंद. शब्दशः 'वर्षांच्या मध्ये'. नाताळ आणि नवं वर्ष यांच्या मधले ते दिवस. पण २७ पासून की २४ पासून, ३० पर्यंत की थेट ६ जानेवारीपर्यंत, हे माणसागणिक बदलतं. तिथं आपण मनानं तारखा घालायच्या नाहीत. 'नाताळ ते नवं वर्ष या मधल्या दिवसांत बंद, नेमक्या तारखा लिहिलेल्या नाहीत' असं लिहायचं आणि पाटीवरचा फोन नंबर सोबत पाठवायचा.

तुमच्याकडे अशी एखादी न उलगडलेली पाटी असेल तर फोटो जरूर पाठवा. चारही कडांसकट. भेटू पुढच्या भागात.