पेपरचे गुण कमी वाटतात? अर्ज असा लिहा

बारावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्यातून मला एकच मेसेज येतो: "दादा, पेपर भारी गेला होता भो, गुणच कमी दिले!" यावर अर्ज होत नाही. अर्ज होतो तो पान नंबरवर.

आपले जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. तिथे दोन वेगळ्या गोष्टी मागता येतात. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर बघतात. उत्तराला कमी गुण मिळाले असं वाटत असेल, तर पुनर्मूल्यांकन. त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या ५ दिवसांत अर्ज करावा लागतो. म्हणून छायाप्रत हातात आली की त्याच संध्याकाळी बसा.

समजा, फिजिक्सचा ७० गुणांचा पेपर आहे आणि मुखपृष्ठावर ४३ लिहिलेत. आतल्या पानांवरचे गुण स्वतः मोजा. समजा ४६ भरले. म्हणजे ३ गुण बेरजेत गेले. मग प्रत्येक उत्तरावर खूण आहे का ते बघा. एका २ गुणांच्या उत्तरावर काहीच नाही? ते तपासायचं राहिलंय. शेवटी गुणदान योजना. ३ गुणांच्या गणितात साधारण सूत्राला १, किमती घालण्याला १, एककासह उत्तराला १ अशी वाटणी असते. तुमचं सूत्र आणि किमती बरोबर, उत्तर चुकलं, तरी मिळाला १ च. तिथे २ हवे होते.

आता अर्ज. पहिल्या वाक्यात मागणी: कोणता विषय, कोणता बैठक क्रमांक, काय हवंय. खाली तक्ता: प्रश्न क्रमांक, पान, मिळालेले गुण, अपेक्षित गुण, कारण. कारण एका ओळीत, असं:

"प्रश्न २१, पान ९: सूत्र व किमती बरोबर असूनही १ गुण, पायरीनुसार २ अपेक्षित."

न तपासलेल्या उत्तराला "२ गुण द्या" म्हणू नका, "तपासून गुण द्यावेत" म्हणा. किती द्यायचे ते परीक्षक ठरवणार. म्हणजे तुमचा ठाम दावा ४३ वरून ४७ चा, आणि ते एक उत्तर वेगळं.

योजना हातात नसेल तर अंदाजाने तिचं नाव घेऊ नका. प्रश्नपत्रिकेवर छापलेले गुण आणि पाठ्यपुस्तकाचं पान दाखवा. तक्ता विषयाच्या सरांना दाखवा. त्यांनी "हा मुद्दा टिकत नाही" म्हटलं तर ती ओळ खोडा. एक कच्ची ओळ बाकीच्या पक्क्या ओळींवर संशय आणते.

आणि "मी खूप अभ्यास केला होता" हे वाक्य? ते घरी सांगा, अर्जात नको. पुढच्या भागात भेटू!