'कितपत सहमत आहात?' : पानिपतचा प्रश्न आणि प्रतिवाद तोलायची रीत

आजचा भाग परीक्षावाल्यांसाठी आहे. यूपीएससी-एमपीएससीचे वर्णनात्मक पेपर देणारे, केंब्रिज बोर्डात शिकणारे, परदेशात ए-लेव्हल करणारे, सगळ्यांसाठी. या सगळ्या पेपरांत एका जातीचा प्रश्न हमखास भेटतो. आधी एक ठाम विधान देतात आणि मग विचारतात, 'तुम्ही कितपत सहमत आहात?' इंग्रजी पेपरात तेच 'हाउ फार डू यू अग्री?'

यातला 'कितपत' हा शब्द नीट ऐका. परीक्षक हो की नाही विचारत नाहीये. तो माप मागतोय. भाजीवाल्याला 'किती देऊ?' विचारलं आणि आपण 'हो' म्हणालो तर कसं होईल? बरेच पेपर तसेच लिहिलेले असतात.

आपण एकच प्रश्न घेऊ आणि शेवटपर्यंत सोडवू. प्रश्न असा: 'पानिपतचा पराभव हे मराठी सत्तेच्या अस्ताचे मुख्य कारण होते. तुम्ही कितपत सहमत आहात?' मुद्दाम हा निवडला, कारण पानिपत म्हटलं की आपल्यापैकी प्रत्येकाचं मत आधीच तयार असतं. मत तयार असलं की प्रतिवादाकडे नीट बघितलं जात नाही.

आता सुरुवात कुठून करायची? विधानातला सगळ्यात जड शब्द शोधायचा. इथे तो 'पानिपत' नाही. तो आहे 'मुख्य'. पानिपतने नुकसान झालं का, यावर वादच नाही. वाद आहे तो 'मुख्य' वर. म्हणून कारण 'मुख्य' आहे की नाही हे कशावरून ठरवणार, ते आधी ठरवा. मी दोन कसोट्या घेतो. पहिली: पानिपतनंतर मराठी सत्ता पुन्हा उभी राहिली का? दुसरी: शेवटी जे कोसळलं, त्याचा धागा मागे मागे नेला तर तो पानिपतपर्यंत पोचतो का? या कसोट्या प्रस्तावनेत दोन ओळींत लिहून टाकायच्या. एक अट आहे, विधानाची बाजू आणि प्रतिवाद, दोघांनाही याच कसोट्या लावायच्या. तराजू मध्येच बदलायचा नाही.

पहिला भाग, विधानाची बाजू. ती मनापासून मांडा. 14 जानेवारी 1761. सदाशिवरावभाऊ गेले, विश्वासराव गेले, जनकोजी शिंदे गेले, इब्राहिमखान गारदी गेला. म्हणजे हाताखाली फौज घेऊन उत्तरेत उतरू शकणारी कर्ती माणसं एका दिवसात आणि त्यानंतरच्या काही दिवसांत संपली. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे वारले. गादीवर आले माधवराव, वय सोळा. ही संधी बघून निजाम 1763 मध्ये पुण्यावर चालून आला आणि त्याने शहर लुटलं. दक्षिणेत हैदरअली पाय पसरत होता. हे सगळं पानिपतशी थेट जोडता येतं. लढाईचं वर्णन मात्र नको. संक्रांत, उपासमार, दुपारनंतर फिरलेलं पारडं, हे कितीही लिहावंसं वाटलं तरी आवरा. प्रश्न लढाई कशी झाली असा नाहीये.

आता प्रतिवाद. इथे दोन चुका कायम दिसतात. एक म्हणजे लोक प्रतिवाद म्हणून 'इतर कारणे' लिहितात: सरदारांमधली भांडणं, आर्थिक अडचणी, इंग्रजांचा तोफखाना. ही नुसती यादी आहे. प्रतिवाद कशाला म्हणायचं? जो खरा मानला तर विधान डळमळीत होतं, त्याला. दुसरी चूक, मुद्दाम लेचापेचा प्रतिवाद घ्यायचा, म्हणजे तो एका वाक्यात पाडता येतो. परीक्षकाला ते लगेच कळतं.

मग सगळ्यात तगडा प्रतिवाद कोणता? हा बघा. पानिपतनंतर दहा वर्षांत मराठे परत दिल्लीत होते. 1763 मध्येच माधवरावांनी राक्षसभुवनला निजामाला हरवलं. हैदरअलीवर स्वाऱ्या केल्या. 1771 मध्ये मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि 1772 च्या जानेवारीत बादशहा शाहआलम महादजी शिंद्यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत परतला. आणखी पुढे या. 1779 मध्ये वडगावला इंग्रज फौजेला शरण यावं लागलं. 1795 मध्ये खर्ड्याला निजाम पुन्हा हरला. ज्या घावाने माणूस मेला असं आपण म्हणतोय, त्या घावानंतर तो चौतीस वर्षं लढाया जिंकतोय. मग तो घाव 'मुख्य कारण' कसा?

पहिल्या कसोटीवर प्रतिवाद जिंकला. इथे खूप जण थांबतात आणि लिहितात, 'म्हणून मी असहमत आहे.' थांबू नका, दुसरी कसोटी बाकी आहे. गुण तिथे आहेत.

दुसरी कसोटी लावू. अस्ताचा धागा मागे ओढा. 1818 मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांना शरण गेला. त्याआधी 31 डिसेंबर 1802 ला त्यानेच वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज घेतली होती. का घेतली? कारण ऑक्टोबरमध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांना हरवलं आणि बाजीराव पळाला. आणखी मागे जा. इंग्रजांना पेशवाईच्या घरात पहिल्यांदा शिरकाव कुणी दिला? रघुनाथरावांनी, 1775 च्या सुरतेच्या तहाने. आणि ते का? नारायणराव पेशव्यांचा 1773 मध्ये खून झाल्यावर गादीसाठी जो झगडा लागला, त्यात त्यांना बाहेरची मदत हवी होती.

आता विधानाच्या बाजूचा वकील उठून म्हणेल: थांबा, रघुनाथरावांना इतकं मोकळं रान मिळालंच कसं? भाऊ आणि विश्वासराव पानिपतावर पडले म्हणूनच ना? म्हणजे धागा पानिपतपर्यंत पोचला की!

मुद्दा चांगला आहे. तोही तोला. पानिपतने घरात पोकळी केली, हे खरं. पण ती पोकळी माधवरावांनी भरली होती. 1768 मध्ये त्यांनी धोडपला रघुनाथरावांना हरवलं आणि नजरकैदेत ठेवलं. पोकळी पुन्हा उघडी पडली ती 1772 च्या नोव्हेंबरमध्ये, जेव्हा माधवराव सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने गेले. क्षयाचा आणि पानिपतचा संबंध जोडता येत नाही. म्हणजे धागा पानिपतपर्यंत जातो, पण वाटेत 1772 ला मोठी गाठ आहे आणि ताण त्या गाठीवर जास्त येतो.

ग्रँट डफने 1826 मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात याच अर्थाचं मत दिलंय: माधवरावांचा अकाली मृत्यू राज्याला पानिपतइतकाच घातक ठरला. हे नाव उत्तरात जरूर घ्या, पण शेवटी, पुरावा मांडून झाल्यावर. 'डफ म्हणतो म्हणून' हा पुरावा होत नाही. राक्षसभुवन, दिल्ली, धोडप हे पुरावे आहेत.

आता निष्कर्ष. सगळ्यात जास्त दिसणारा निष्कर्ष कसा असतो? 'अशा प्रकारे पानिपत तसेच इतर अनेक कारणांमुळे मराठी सत्तेचा अस्त झाला.' या वाक्यात माप कुठे आहे? कुठेच नाही. हे वाक्य उत्तर न लिहितासुद्धा लिहिता आलं असतं.

आपण जे तोललं त्यातून निघणारा निष्कर्ष साधारण असा होईल. लिहून घ्या किंवा ऐका:

'या विधानाशी मी मर्यादित प्रमाणात सहमत आहे. पानिपतने पेशव्यांच्या घराण्यातील कर्ती पिढी नाहीशी केली आणि सत्तेला पुढील धक्क्यांसमोर दुर्बल केले. परंतु 1771 पर्यंत झालेली पुनर्उभारणी पाहता हा आघात निर्णायक नव्हता. 1772 नंतरच्या वारसाहक्काच्या संघर्षाने इंग्रजांना हस्तक्षेपाची वाट दिली आणि 1802 च्या वसईच्या तहाने ती पक्की केली; म्हणून अस्ताचे मुख्य कारण हा अंतर्गत संघर्ष होता आणि पानिपत ही त्याची एक पूर्वपीठिका होती.'

बघा, यात तीन गोष्टी आल्या. किती सहमत ते सांगितलं, कुठपर्यंत सहमत ते सांगितलं आणि पानिपतला नेमकी जागा दिली. तुमचं माप वेगळं असू शकतं हं. कुणी म्हणेल, पुनर्उभारणी झाली तरी नंतरची उत्तरेतली सत्ता पेशव्यांपेक्षा शिंद्यांची जास्त होती, म्हणजे पेशव्यांच्या हातातलं केंद्र पानिपतनंतर पूर्वीसारखं राहिलंच नाही. त्या वाटेने गेलात तर 'बऱ्याच अंशी सहमत' इथेही पोचता येईल. दोन्ही उत्तरांना चांगले गुण मिळू शकतात, तोललेलं दिसायला हवं.

ते दिसतंय की नाही, हे स्वतः कसं तपासायचं? सोपी युक्ती आहे. उत्तर लिहून झालं की प्रतिवादाच्या परिच्छेदावर हात ठेवा आणि फक्त बाकीचं वाचा. निष्कर्ष जसाच्या तसा उभा राहत असेल तर प्रतिवाद शोभेपुरता होता. निष्कर्षातला 'परंतु' अधांतरी वाटायला लागला, तर प्रतिवादाने खरंच काम केलंय.

शेवटी शब्दांचा हिशोब. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पंधरा गुणांच्या प्रश्नाला 250 शब्द असतात. त्यात कसोटी आणि प्रस्तावना 35, विधानाची बाजू 60, प्रतिवाद 60, तोलणं 55 आणि निष्कर्ष 40, असं वाटप मी सुचवेन. दहा गुणांच्या प्रश्नाला 150 च शब्द मिळतात. तिथे विधानाची बाजू दोन वाक्यांत आटपा, तोलण्याचा भाग मात्र कापू नका. ए-लेव्हलसारख्या लांब निबंधात जागा जास्त असते. तिथे प्रत्येक मुद्द्यानंतर लगेच एक-दोन वाक्यांत तोलत चला, म्हणजे शेवटचा निष्कर्ष अचानक आल्यासारखा वाटत नाही.

आता तुमच्यासाठी एक विधान: '1857 च्या उठावाचे मुख्य कारण काडतुसे होती.' जड शब्द शोधा, दोन कसोट्या ठरवा आणि सगळ्यात तगडा प्रतिवाद कोणता ते एका वाक्यात लिहा. पूर्ण उत्तर नको, ते एकच वाक्य पाठवा. पुढच्या भागात त्यातली काही वाक्यं घेऊन तराजूत टाकू. भेटूच.