हृदयविकाराच्या झटक्यानंतर चालणे : अंतर नव्हे, श्रम मोजावेत

(भाषणाचा मजकूर)



गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. १९५२ साली अमेरिकेतील लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकरच खुर्चीत बसविण्याचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि सक्तीच्या विश्रांतीचा आग्रह हळूहळू सैल झाला. आज रुग्ण काही दिवसांत घरी येतो. मग घरच्यांना प्रश्न पडतो, की त्याने चालावे तरी किती?

समजा, खामगावच्या बाजारपेठेतील ५८ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. झटक्यानंतर अँजिओप्लास्टी झाली, हृदयाची शक्ती फारशी घटलेली नाही आणि डॉक्टरांनी चालण्यास अनुमती दिली आहे. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या घरात किंवा अंगणात दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटे चालावे. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक वेळ दहा मिनिटांपर्यंत न्यावी. तिसऱ्यात दिवसातून दोनदा १५ मिनिटे आणि चौथ्यात दोनदा २० मिनिटे चालावे. पुढे हळूहळू वाढवीत सहाव्या आठवड्याच्या अखेरीस एका वेळी ३० मिनिटे साधावीत. प्रत्येक वेळी आरंभीची आणि शेवटची काही मिनिटे अगदी संथ असावीत. आधी वेळ वाढवावी, नंतर वेग आणि सर्वांत शेवटी चढ. दोन गोष्टी एकदम वाढवू नयेत. बायपास झालेल्यांचे आणि हृदय दुर्बल असलेल्यांचे वेळापत्रक मात्र डॉक्टरांनीच वेगळे आखून द्यावे लागते.

ही मिनिटे झाली. श्रम कसे मोजायचे? नाडीवर विसंबणे येथे पुरेसे नाही. झटक्यानंतर पुष्कळांना बीटा ब्लॉकर गटातील औषध देतात. ते नाडीचा वेग वाढू देत नाही, त्यामुळे श्रम जास्त झाले तरी नाडी शांतच दिसू शकते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी यासाठी सोपी मोजपट्टी तयार केली. ती ६ पासून २० पर्यंत असते. स्वस्थ बसणे म्हणजे ६ आणि जिवाच्या आकांताने केलेले श्रम म्हणजे २०. हलके वाटले तर ११, काहीसे कष्टाचे वाटले तर १३ आणि कष्टाचे वाटले तर १५. या गृहस्थांनी पहिल्या आठवड्यांत ११ च्या आत राहावे. पुढे ११ ते १३ च्या दरम्यान. आकडा सुचत नसेल तर सोबत्याशी बोलून पाहावे. पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले तर चाल योग्य आहे; शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर ती अधिक झाली.

या मोजपट्टीचा उपयोग आपल्या जिल्ह्यात फार होतो. चौथ्या आठवड्यात हेच गृहस्थ खामगावच्या सपाट रस्त्यावर २० मिनिटे चालतात आणि आकडा ११ सांगतात. लग्नासाठी ते घाटावरच्या बुलढाण्यास गेले आणि तेथील चढाच्या रस्त्यावर तितकीच मिनिटे, त्याच वेगाने चालू लागले, तर आकडा सहज १५ होईल. घड्याळ सारखे, पण श्रम वेगळे. अशा वेळी त्यांनी वेग कमी करावा किंवा दहा मिनिटांतच परतावे. आकडा जपावा, मिनिटे नव्हेत. वैशाखात ऊन चढण्यापूर्वीच फेरी आटोपावी. जेवणानंतर तासदीड तास जाऊ द्यावा. निर्जळ उपवासात रक्तदाबाच्या आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी चक्कर येण्याचा संभव असतो. म्हणून उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि औषध आपल्या मनाने बंद करू नये.

चालताना छातीत दडपण आले, दुखणे जबडा, खांदा किंवा हाताकडे सरकले, दरदरून घाम सुटला, भोवळ आली, धडधड अनियमित झाली किंवा बोलता न येण्याइतकी धाप लागली, तर त्याच जागी थांबून बसावे. ‘घर जवळच आहे, तेवढे गाठू’ असे म्हणणे घातक ठरते. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्याची गोळी दिलेली असेल तर ती बसूनच घ्यावी. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; स्वतः वाहन चालवीत जाऊ नये. त्रास थांबला तरी त्या दिवशी पुन्हा चालू नये आणि डॉक्टरांना कळवावे.

काही खुणा उशिरा दिसतात. फेरीनंतर दोन तास उलटूनही थकवा उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी आधीच्या पायरीवर यावे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, पाय सुजले किंवा उताणे झोपल्यावर धाप लागली, तर शरीरात पाणी साठत असल्याचा संशय घ्यावा, चालणे थांबवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

घरच्यांनी एक छोटी वही ठेवावी. त्यात तारीख, मिनिटे, श्रमाचा आकडा आणि सकाळचे वजन एवढेच लिहावे. पुढच्या तपासणीला ही वही डॉक्टरांपुढे ठेवली, की चाल वाढवावी की थोपवावी, हे तिच्यावरून ठरविता येते.