बाटलीला वेढणारी चिठ्ठी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आमच्या गटाचा करडईच्या तेलाचा घाणा आहे. तेल चांगलं निघालं, पण बाटलीवरच्या लेबलानं आम्हाला दोनदा फसवलं. तीच गोष्ट सांगते, म्हणजे तुमचे छपाईचे पैसे वाचतील.

आमची एक लिटरची गोल बाटली. फुटपट्टीनं तिची रुंदी मोजली, ती भरली ८० मिलिमीटर. कुणीतरी म्हणालं, घेर म्हणजे रुंदीच्या तिप्पट. मग २४० आणि चिकटवायला १० धरून २५० मिलिमीटर लांबीची दोन हजार लेबलं छापून आणली. गुंडाळायला बसलो, तर टोकं एकमेकांना शिवेनात! मधे एक मिलिमीटर उघडी बाटली दिसायची. घेर तिप्पट नसतो, ३.१४ पट असतो. ८० ला ३.१४ नं गुणलं की २५१ येतात. आमचे ११ मिलिमीटर तिथंच चुकले.

गाडीच्या चाकाला धाव बसवताना लोहार चाकाचा घेर मोजून घेतो, रुंदीवर विसंबत नाही. आपणही तसंच करायचं. कागदाची अरुंद पट्टी भरलेल्या बाटलीभोवती ताणून गुंडाळा, जिथं एकावर एक येते तिथं टोकदार पेन्सिलीनं खूण करा आणि पट्टी सपाट ठेवून मोजा. बाटली भरलेलीच घ्या, कारण प्लॅस्टिकची बाटली तेल भरल्यावर किंचित फुगते. एकच मोजून थांबू नका. आम्ही पाच मोजल्या, तर २५० पासून २५२ पर्यंत घेर भरला. आम्ही २५१ धरला.

याच वेळी आणखी एक गोष्ट पाहून घ्या. पट्टी सरळ गुंडाळली आणि टोकं एका पातळीत आली नाहीत, एक वर नि एक खाली गेलं, तर बाटली खाली-वर सारखी जाड नाही. अशा बाटलीवर सरळ लेबल सुरकुततंच. त्याला कमानीसारखं कापलेलं लेबल लागतं, नाहीतर बाटली बदला. सरळ बाटलीवरसुद्धा लेबल खांद्याच्या आणि बुडाच्या गोलाईच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडंच थांबवा.

आता सांधा. २५१ मध्ये १० मिळवले, लेबल झालं २६१. डावं टोक आधी बाटलीला चिकटतं आणि उजवं टोक त्याच्यावर येतं. म्हणजे डावीकडचे १० मिलिमीटर झाकले जातात. दुसऱ्या छपाईत आमची किंमत नेमकी तिथं होती. गिऱ्हाईक विचारायचं, किंमत कुठं आहे? ती खळीखाली गेली होती! म्हणून डावीकडच्या पहिल्या १२ मिलिमीटरमध्ये एकही अक्षर ठेवू नका. त्यातले पहिले ७ कोरे ठेवा, शाई नसलेल्या कागदाला खळ चांगली धरते. सातच्या पुढं मात्र लेबलाचा रंग सुरू करा. एखादी बाटली २५२ ची निघाली तर ९ च मिलिमीटर झाकले जातात. रंग आधीच सुरू असला की सांध्यापाशी पांढरी रेघ दिसत नाही.

शेवटी दर्शनी भाग. त्याचा मध्य २६१ च्या निम्म्यावर धरू नका. झाकलेले १० सोडून उरलेल्या २५१ चे निम्मे, म्हणजे डाव्या टोकापासून १३५.५ मिलिमीटरवर मध्य येतो. तसं केलं की सांध्याची कड बरोबर पाठीमागं जाते आणि दोन्ही बाजूंना सारखी जागा उरते.

या मध्यापासून अक्षर जितकं दूर, तितकं ते गोलाईवर आखडलेलं दिसतं. आमच्या बाटलीवर मध्यापासून ३१ मिलिमीटरवरचं अक्षर सात आणे रुंद दिसतं असं समजा, रुपया दहा आण्यांचा धरला तर. ४२ मिलिमीटरवर ते निम्मंच दिसतं. ‘शुद्ध करडई तेल’ आम्ही एका ओळीत ११० मिलिमीटर रुंद छापलं होतं. समोरून नुसतं ‘करडई’ वाचता यायचं. म्हणून दर्शनी मजकूर घेराच्या चौथ्या हिश्श्यात बसवा. आमच्या लेबलावर तो १०४ पासून १६७ पर्यंत, म्हणजे ६३ मिलिमीटर येतो. नाव दोन ओळींत घ्या. नाव, माप आणि शाकाहाराची हिरवी खूण त्यातच ठेवा. घटक, पत्ता, परवाना क्रमांक बाजूला गेले तरी चालतात, कारण ते वाचायला माणूस बाटली फिरवतोच.

छापखान्यात जाण्याआधी साध्या कागदावर खऱ्या मापाचं लेबल काढा, पाच भरलेल्या बाटल्या पुसून त्यांना चिकटवा आणि चार पावलं मागं जाऊन बघा. आम्ही तिसऱ्या खेपेला हे केलं. ती लेबलं आज बाटल्यांवर आहेत, आधीची रद्दीत गेली.

एवढं सांगून मी खाली बसते.